बंद फ्लॅटची किल्ली तुमच्याकडे असेल तर

परदेशात राहणाऱ्या मालकांचे पुण्यातले फ्लॅट सांभाळणाऱ्यांसाठी. नियम आणि सरकारी शुल्क महाराष्ट्रातले आहेत. बाकीच्या रकमा उदाहरणादाखल.

काय करावे

किल्ली हातात घेण्याआधी

- कामाची यादी, महिन्यातल्या फेऱ्या आणि मोबदला ईमेलवर ठरवून घ्या. फोनवर ठरलेले सहा महिन्यांनी दोघांना दोन तऱ्हांनी आठवते.
- मालकाच्या सहीचे अधिकारपत्र घ्या, त्याची प्रत सोसायटीच्या कार्यालयात द्या आणि पोच मागा; वॉचमन बदलला तरी तुम्हाला दारात कोणी अडवणार नाही.
- पहिल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, कपाटांच्या आतले आणि सिंकखालचेसुद्धा. भिंतीवरचा जुना डाग आज टिपला नाही, तर पुढे तो तुमच्या काळातला ठरतो.
- मौल्यवान वस्तू, दागिने आणि मूळ कागदपत्रे मालकाला घरातून हलवायला सांगा. ते शक्य नसेल तर त्या ठेवलेल्या कपाटाला मालकाने कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवावी.
- न विचारता किती खर्च करता येईल ते ठरवून घ्या, समजा ३,००० रुपये. इथे दुपारी बाराला पाइप फुटला, तर न्यू यॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते.
- शहरातल्या एखाद्या नातेवाइकाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर मालकाकडून घ्या आणि त्यांना एकदा फोन करून ओळख करून द्या.
- पाण्याचा मेन कॉक, गॅसचा व्हॉल्व्ह, वीजमीटर आणि मीटरजवळचा स्विच कुठे आहे ते पाहून ठेवा. वरच्या मजल्यांचे कॉक पुष्कळ इमारतींत गच्चीवर किंवा डक्टमध्ये असतात, आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे असते.

सफाईची फेरी

- महिन्यातून दोन फेऱ्या करा. पूर्ण सफाई एका फेरीत पुरते, पण पाहणी दोन्ही वेळा झाली पाहिजे.
- जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा डोकावून या. ओल चार दिवसांत वाढते आणि बुरशी त्यानंतर थांबत नाही.
- दार उघडल्यावर आधी वास घ्या. कुबट वास ओलीचा, गटाराचा वास सुकलेल्या ट्रॅपचा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा, व्हॉल्व्ह बंद करा आणि बाहेर येऊन फोन करा.
- पाणी सोडण्याआधी सगळे घर कोरडे असतानाच पाहून घ्या. छताचे कोपरे, खिडक्यांखालची भिंत, बाथरूमच्या पाठीमागची भिंत आणि सिंकखालचा तळ, या चार जागा कधी चुकवू नका.
- बाथरूममागच्या भिंतीला पोपडे दिसले तर हात लावून पाहा. कोरडे असतील तर जुनी ओल, गार आणि ओलसर लागले तर पाणी आजही झिरपते आहे.
- दारांच्या चौकटी आणि फर्निचरचे तळ टॉर्च लावून पाहा. मातीची बारीक नळी वर चढलेली दिसली की ती वाळवी. नळी पुसून टाकण्याआधी फोटो काढा आणि त्याच आठवड्यात औषध मारणाऱ्याला बोलवा.
- मग मेन कॉक उघडा, प्रत्येक नळ काही मिनिटे वाहू द्या, फ्लश दोनदा ओढा. दहा मिनिटांनी परत फिरून सिंकखाली आणि कमोडच्या मागे बोट फिरवून पाहा, कारण बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही.
- बाथरूम, ड्राय बाल्कनी आणि धुण्याच्या जागेतल्या प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. ट्रॅपमधले पाणी आटले की गटाराचा वास आणि झुरळे थेट घरात येतात.
- घर उन्हाळ्यात महिनाभर उघडणार नसेल, तर पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडा. तेलाच्या थराखाली पाणी सावकाश आटते.
- खिडक्या आणि कपाटांची दारे उघडी ठेवूनच झाडलोट करा, म्हणजे कोंडलेली हवा तेवढ्या वेळात निघून जाते.
- फरशी पुसल्यावर ती वाळेपर्यंत थांबा. ओली फरशी कोंडून ठेवली की वास धरतो.
- बाल्कनीत कबुतरांची काटकी दिसली तर लगेच काढा आणि जाळीचे दर मालकाला कळवा. अंडी घातल्यावर पुढचा महिनाभर तुमच्याने काही हलवणे होत नाही.
- फ्रिज रिकामा, बंद आणि दार अर्धवट उघडे ठेवा. दाराच्या फटीत लाकडाचा तुकडा बसवला की ते आपोआप लागत नाही.
- इन्व्हर्टर असेल तर मालकाला सुरुवातीलाच विचारा: बॅटरी चार्जिंगवर ठेवायची, की काढून द्यायची? मेन स्विच बंद करून बॅटरी तशीच सोडली तर ती काही महिन्यांत मरते.
- निघताना पाण्याचा मेन कॉक, गॅसचा व्हॉल्व्ह आणि विजेचा मेन स्विच बंद करा, याच क्रमाने. कॅमेरा किंवा वायफाय चालू ठेवायचा असेल तर तेवढाच एमसीबी चालू ठेवा आणि इतर सगळे पाडा.
- प्रत्येक फेरीत तेच फोटो, त्याच जागी उभे राहून काढा. मागचा आणि आजचा फोटो शेजारी ठेवला की डाग वाढला की नाही यावर वाद उरत नाही.
- अहवाल त्याच दिवशी पाठवा: काय पाहिले, काय केले, काय विचारायचे आहे. तीन ओळी पुरतात.

बिले

- सगळी बिले मालकाच्याच नावावर राहू द्या. मोबाइल नंबर मात्र शक्य असेल तिथे तुमचाही नोंदवा, म्हणजे मेसेज झोपेच्या वेळी नुसते दुसऱ्या देशात वाजत राहणार नाहीत.
- महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, सोसायटीच्या बिलावरचा सदस्य क्रमांक, मिळकत कराचा क्रमांक आणि गॅसचा ग्राहक क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा.
- बंद घरालाही स्थिर आकार लागतो, म्हणून विजेचे बिल शून्य येणार नाही हे मालकाला आधीच सांगा.
- चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी मीटर न वाचल्याचा शेरा दिसला, तर बिल सरासरीने आलेले असते. स्वतःच्या फोटोतले रीडिंग जोडून महावितरणकडे दुरुस्ती मागा.
- मिळकत कराचे बिल आले की सवलतीची मुदत पाहा आणि त्याआधी भरा. पुण्यात थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते. वर्षभर विसरलात तर मूळ रकमेचा जवळपास चौथा भाग वाढला.
- सोसायटीचे बिल ओळीओळीने वाचा. घर भाड्याने दिले असेल तर बिनभोगवटा शुल्क लागते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. एकूण बिल ४,५०० आणि त्यातले सेवाशुल्क ३,००० असेल तर मर्यादा ३०० रुपये, ४५० नव्हे.
- घर नुसते कुलूपबंद असेल आणि बिनभोगवटा शुल्क लावलेले दिसले, तर सचिवांना लेखी विचारा आणि बाकीचे बिल वेळेत भरा.
- मालकाचा ईमेल सोसायटीच्या नोंदीत आहे का ते पाहा. सभेची नोटीस दाराला चिकटलेली दिसली तर त्याच दिवशी फोटो काढून पाठवा.
- दारात आलेले प्रत्येक पत्र उघडण्याआधी पाकिटाचा फोटो पाठवा. बँक, न्यायालय आणि महापालिकेची पाकिटे कधीही पुढच्या फेरीवर ढकलू नका.
- खर्चासाठी आगाऊ रक्कम घ्या, ती वेगळ्या खात्यात ठेवा आणि महिनाअखेर हिशोब पाठवा. नमुना असा: सुरुवातीला १०,०००, वीज १८०, सोसायटी ४,५००, प्लंबर ६५०, शिल्लक ४,६७०. सोबत तीन पावत्या.

मीटरचा फोटो प्रत्येक फेरीत काढायचा तो यासाठी. समजा १४ जुलैला रीडिंग ६,४१२ होते आणि २८ जुलैला ६,४३९ दिसले. मधले चौदा दिवस घर बंद, मेन स्विच बंद, तरी २७ युनिट गेली. अशा वेळी आधी घरातला मेन स्विच खरोखर बंद आहे का ते पाहा, मग मीटरवरचा लाल दिवा पाहा. वापर नसेल तर तो लुकलुकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर मीटर रूममधला तुमच्या फ्लॅटचा स्विच पाडा. त्याने लुकलुकणे थांबले, तर मीटर आणि घर यांच्या मधल्या वायरीत गळती आहे किंवा कोणीतरी त्यातून वीज घेत आहे; परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा. तरीही दिवा चालूच राहिला, तर मीटर सदोष आहे किंवा त्यावरचा फ्लॅटचा नंबर चुकीचा लिहिला आहे. बिलावरचा मीटर क्रमांक ताडून महावितरणकडे लेखी तक्रार द्या. दुसऱ्याच्या मीटरवर तुमच्या मालकाचा नंबर रंगवलेला असणे ही जुन्या इमारतींत अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही.

भाडेकरू

- लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.
- खर्चाचा अंदाज मालकाला आधी द्या. भाडे २५,०००, अनामत ७५,००० आणि मुदत ११ महिने असेल तर मुद्रांक शुल्क सुमारे ७०५ रुपये होते आणि पालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,०००. एवढ्यासाठी नोंदणी टाळण्यात काही अर्थ नाही.
- मालकाच्या वतीने करारावर सही करायची असेल तर मुखत्यारपत्र मागा, साध्या अधिकारपत्रावर ते काम होत नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टिल केलेले असावे, आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.
- भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरा आणि पोच जपून ठेवा. सोसायटी ती मागतेच.
- भाडे मालकाच्या एनआरओ खात्यात थेट जमा होईल असे करारात लिहा.
- मालक अनिवासी असल्याचे भाडेकरूला घर दाखवतानाच सांगा. अनिवासी मालकाला भाडे देताना भाडेकरूने कर कापून सरकारकडे भरायचा असतो, त्यासाठी टॅन क्रमांक काढावा लागतो, आणि छोटे भाडे म्हणून सूट नाही. सर्वसाधारण दर ३१.२ टक्के: २५,००० भाड्यातून ७,८०० कर, मालकाच्या हाती १७,२००.
- कमी दराने कर कापण्याचे प्रमाणपत्र घेता येते का, हे मालकाने आपल्या सीएला करार होण्याआधी विचारावे. ही आठवण तुम्ही करून द्या.
- घर भाड्याने दिल्यावर पुण्यातल्या मिळकत करातली स्वतः राहण्याची ४० टक्के सवलत लागू राहत नाही, हेही भाडे ठरवण्याआधी मालकाच्या कानावर घाला.
- ताबा देताना वस्तूंची यादी, फोटो आणि मीटर रीडिंग यांवर भाडेकरूची सही घ्या. पंखे, गीझर, एसी चालवून दाखवा.
- तीन महिन्यांतून एकदा पाहणी करा, आदल्या दिवशी वेळ घेऊन जा. करारातली माणसेच राहतात का, गळती आहे का, विजेचे आणि सोसायटीचे बिल भरले का, एवढेच पाहा.
- करार संपण्याच्या दोन महिने आधी भाडेकरूला आणि मालकाला लेखी विचारा: पुढे चालू ठेवायचा की सोडायचा?
- घर सोडताना ताबा देतानाची यादी हातात घेऊन भाडेकरूसोबतच फिरा. अनामतीतून काही कापायचे असेल तर दुरुस्तीचे बिल जोडा. रंग सूर्यप्रकाशाने फिका पडला याचे पैसे कापता येत नाहीत.
- शेवटचे विजेचे बिल रीडिंगनुसार काढून मगच अनामत परत करण्याचा निरोप मालकाला द्या.

मोबदला

- दर तासांवरून काढा आणि मालकाला तो हिशोब दाखवा. दोन बेडरूमच्या बंद फ्लॅटसाठी महिन्यात दोन फेऱ्या, येण्याजाण्यासह अडीच तासांच्या, म्हणजे पाच तास. बिले आणि अहवाल दीड तास. साडेसहा तासांचे तासाला २०० प्रमाणे १,३०० रुपये. सफाईच्या बाईंना दोन वेळचे ७००, पेट्रोल आणि फिनेल-झाडूचे २००. महिन्याला २,२०० रुपये होतात. यात कोणापासून लपवावे असे काही नाही.
- सफाई करणाऱ्या बाईंचा वाटा वेगळा लिहा आणि त्यांना तो पूर्ण द्या.
- पावसाळ्यातल्या जादा फेऱ्यांचा दर आधीच ठरवा. तो ठरलेला नसला की नेमक्या त्या फेऱ्याच होत नाहीत.
- घर भाड्याने गेले की मोबदला कमी करा. सफाई थांबते, दोन फेऱ्यांच्या जागी तिमाही पाहणी येते. करार, नोंदणी आणि पोलीस माहिती यांचे एकदाचे शुल्क वेगळे घ्या.
- भाड्याच्या टक्केवारीऐवजी ठराविक रक्कम घ्या. भाडे २५ हजारांवरून ४० हजारांवर गेले म्हणून तुमचे काम वाढत नाही, आणि घर रिकामे राहिले म्हणून ते संपतही नाही.
- दुरुस्तीवर देखरेख करायची असेल तर तासांचे पैसे घ्या, बिलावरचे टक्के नव्हे.
- वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, दरवाढ मागा आणि कारण लिहा.

काय टाळावे

घरात

- किल्लीवर फ्लॅटचा नंबर किंवा सोसायटीचे नाव लिहू नका. स्वतःच्या वहीतला सांकेतिक अंक लिहा.
- नळाला पाणी नाही म्हणून नळ तसाच उघडा सोडून जाऊ नका. संध्याकाळी टाकी भरली की खालच्या मजल्याचे छत गळते.
- फक्त नळ बंद केला म्हणून निश्चिंत होऊ नका. फुटतो तो बहुतेक वेळा बेसिनखालचा किंवा फ्लशचा लवचिक पाइप, आणि तो नळाच्या अलीकडे असतो.
- सफाईच्या बाईंच्या हाती किल्ली देऊन त्यांना एकट्याने पाठवू नका. काही हरवले तर पहिला संशय त्यांच्यावर येतो आणि तो त्यांच्यावर अन्याय असतो.
- ओल आलेल्या भिंतीवर रंग मारून घेऊ नका. आधी पाणी कुठून येते ते शोधा.
- वरच्या फ्लॅटमधून गळती असेल तर जिन्यात वाद घालू नका. फोटो, तारीख आणि सोसायटीला लेखी अर्ज, एवढेच करा.
- वॉशिंग मशीनचा नळ, गीझर आणि पाणी शुद्ध करायचे यंत्र चालू ठेवून निघू नका.
- मालकाच्या घरात पाहुणे उतरवू नका, स्वतःचे सामान ठेवू नका, गाडीची जागा शेजाऱ्याला वापरायला देऊ नका. एका दिवसासाठीसुद्धा.
- घर बंद असल्याचे दाराबाहेर दिसू देऊ नका: साचलेली पत्रके आणि कुरिअरच्या चिठ्ठ्या प्रत्येक फेरीत उचला.
- घराचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका.

पैशांत

- भाडे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, मालकाने आग्रह केला तरी. ते उत्पन्न मालकाचे, पण आयकर खात्यासमोर उत्तर तुम्हाला द्यावे लागते.
- बिले स्वतःच्या पैशांनी भरून नंतर मागू नका. आगाऊ रक्कम संपत आली की आठवडाभर आधी कळवा.
- मालकाच्या बँकेचा पासवर्ड किंवा ओटीपी घेऊ नका.
- विजेचे बिल क्षुल्लक आहे म्हणून साचू देऊ नका. वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीनंतर पुरवठा तोडता येतो, आणि ती नोटीस बंद दारालाच चिकटलेली असते.
- वीज तोडण्याचा मेसेज आला आणि त्यात एखाद्या मोबाइल नंबरवर फोन करायला सांगितले असेल तर फोन करू नका, लिंक उघडू नका. बिल अधिकृत ॲपवरच तपासा.
- वादातल्या एका ओळीमुळे सोसायटीचे पूर्ण बिल अडवू नका. थकबाकीचे व्याज मालकाच्या माथी बसते.
- पावतीशिवायचा खर्च हिशोबात दाखवू नका. प्लंबर पावती देत नसेल तर वहीत त्याची सही घ्या आणि बदललेल्या भागाचा फोटो ठेवा.
- प्लंबर, रंगारी किंवा दलाल यांच्याकडून कमिशन घेऊ नका. ज्याच्याकडून तुम्ही पैसे घेतले, त्याच्या खराब कामाबद्दल तुम्हाला बोलता येत नाही.

भाडेकरूंच्या बाबतीत

- नोंदणीआधी किल्ली देऊ नका, भाडेकरू कितीही ओळखीचा असला तरी.
- करार संपल्यावर तोंडी मुदतवाढ देऊ नका. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम ५५ खालचा नोंदणीकृत करारच कामाला येतो.
- भाडे थकले म्हणून पाणी-वीज तोडू नका, कुलूप बदलू नका, सामान बाहेर काढू नका. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यासाठी कलम २४ आहे. मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो आणि तिथे दुप्पट भाड्याची भरपाईही मागता येते.
- न सांगता पाहणीला जाऊ नका, भाडेकरू घरात नसताना जवळच्या किल्लीने दार उघडू नका. पाणी वाहते आहे किंवा जळल्याचा वास येतो आहे, एवढेच अपवाद.
- घरात किती पाहुणे येतात, काय शिजते, कोण कोणत्या धर्माचे आहे, याच्या चौकशीत पडू नका. तो तुमच्या यादीतला विषय नाही.
- भाडेकरूच्या आधारची प्रत व्हॉट्सॲपवर फिरवू नका. पोलीस आणि नोंदणीचे काम झाले की मोबाइलमधून काढून टाका.
- भाडेकरूने दिलेली भेट घेऊ नका. दिवाळीचा फराळ चालतो.
- कर कापण्याचा विषय भाडेकरूला अडचणीचा वाटतो म्हणून दाबून ठेवू नका. नोटीस आली की तो तुमच्याकडेच बोट दाखवेल.

अधिकाराच्या बाबतीत

- विक्रीचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार असलेले मुखत्यारपत्र मागू नका, आणि मालकाने दिले तरी परत करून तेवढी कलमे काढायला सांगा.
- सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मालकाच्या वतीने बसण्याचा हट्ट धरू नका. आदर्श उपविधींप्रमाणे मुखत्यारपत्र धारकालाही ती परवानगी नाही. इतिवृत्ताची प्रत मागा आणि मालकाला पाठवा.
- पुनर्विकासाच्या किंवा संमतीच्या कोणत्याही कागदावर मालकाच्या वतीने सही करू नका.
- मालकाच्या भावाने किंवा मेहुण्याने किल्ली मागितली तर लगेच देऊ नका. मालकाचा लेखी निरोप येऊ द्या. नाते जवळचे असेल तितका हा नियम घट्ट पाळा, घरांचे वाद तिथेच होतात.
- चूक किंवा नुकसान झाले तर पुढच्या अहवालापर्यंत थांबू नका. त्याच दिवशी फोटोसह कळवा.

काम सोडताना

- महिनाभर आधी लेखी कळवा आणि चालू महिन्याची बिले भरूनच निघा.
- शिल्लक रक्कम मालकाच्या खात्यात परत करा, शेवटचा हिशोब आणि मीटरचा फोटो सोबत पाठवा.
- सोसायटीला कळवून तुमचे अधिकारपत्र रद्द करून घ्या, मुखत्यारपत्र असेल तर तेही मालकाकडून लेखी रद्द करून घ्या, आणि बिलांवरून तुमचा मोबाइल नंबर काढा.
- किल्ल्या मोजून द्या आणि ज्यांच्या हाती दिल्या त्यांची सही घ्या. ती पोच तुमच्याकडे राहू द्या. घरात पुढे काही झाले तर तुमच्या बाजूने बोलणारा तेवढाच कागद असतो.